पाच टक्के कमी झाले म्हणजे झालं का?

नमस्कार सर,
माझं वह्या आणि बाइंडिंगचं छोटं युनिट आहे. कटिंग आजवर बाहेरून करून घेते. आता एक वापरलेलं पेपर कटिंग मशीन बघून ठेवलंय. नऊ वर्षं जुनं आहे, मालक प्रेस बंद करताहेत. कर्ज मंजूर झालंय, ते मागतात तेवढी रक्कम निघू शकते. रविवारी आम्ही दोघं सौदा करायला जाणार. मला भाव करायला जमत नाही, समोरच्याने दोनदा ‘नाही’ म्हटलं की मी गप्प होते. चार-पाच टक्के जरी कमी झाले तरी घेऊन टाकू असं मिस्टर म्हणतात. तिथे जाऊन नक्की काय बोलायचं? आकड्यांचा कागद सोबत जोडलाय, दुसऱ्या एका मशीनचेही आकडे त्यात आहेत.
— व. प.

वसुधाताई म्हणतो, नाव पूर्ण लिहिलेलं नाही म्हणून हे माझ्या मनानं. तुमचा कागद नीट वाचला आणि फोनवर आपलं बोलणं झालं ते बरं झालं. आकडे इथे तसेच्या तसे छापणार नाही, कारण तुमचे विक्रेतेही हे सदर वाचत असतील. मालकांनी सांगितलेली किंमत आपण १०० धरू. बाकीचे सगळे आकडे त्याच मापात.

काय बोलायचं ते शेवटी बघू. खरेदी खात्यात मी बरीच वर्षं काढली. बोलायला चतुर असूनही महागात माल घेऊन आलेले लोक मी पाहिलेत आणि फारसं न बोलणारे स्वस्तात घेऊन आलेलेही. फरक बहुतेक वेळा आदल्या दिवशीच पडलेला असायचा. तुम्हाला रविवारी तीन गोष्टी माहीत हव्यात: हा सौदा फिसकटला तर तुम्ही काय करणार, कुठल्या आकड्याला उठून यायचं आणि कुठल्या आकड्यासाठी झटायचं. याच क्रमाने. पहिलीतून दुसरी निघते, तिसरी मात्र वेगळ्या वाटेने येते.

आधी ते ‘पाच टक्के’ मोडीत काढू. पाच टक्के कशाचे? त्यांनी सांगितलेल्या किमतीचे. म्हणजे तुमची हद्द त्यांनी ठरवली, तुम्ही फक्त ती किंचित सरकवली. त्यांनी १२० सांगितले असते तर तुम्ही ११४ ला खूश होऊन आला असता. आणि ‘तेवढं कर्ज मंजूर आहे’ हे खरं असलं तरी कर्ज बँक मुख्यतः तुमच्या फेडण्याच्या ताकदीकडे बघून देते, हे मशीन तुमच्यासाठी किती किमतीचं ते बघून नाही. बजेट म्हणजे तुमच्या खिशाची खोली. मशीन किती किमतीचं हे त्यातून कळत नाही. बजेटच्या वर जाता येत नाही, हे बरोबर. पण बजेटच्या कितीतरी खाली असतानाही उठून यावं लागतं, हे नवीन खरेदीदाराच्या पचनी पडत नाही.

मग उठायचा आकडा कुठून येतो? तुमच्या हातातल्या दुसऱ्या पर्यायातून. वाटाघाटी शिकवणारे त्याला ‘बॅटना’ म्हणतात, म्हणजे सौदा झाला नाही तर करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट. पर्याय पाच असले तरी उपयोगाचा एकच, त्यातला सर्वांत चांगला. पाचांची बेरीज होत नसते. सौद्याच्या टेबलावर माणूस ‘आपल्याला काय, बरेच मार्ग आहेत’ असं मनात म्हणतो, पण घरी येऊन त्याला त्यातला एकच मार्ग धरायचा असतो.

तुमच्याकडे तीन पर्याय दिसतात. एक, आत्तासारखंच बाहेरून कटिंग करत राहणं. हे तुमच्याच हिशोबाने सगळ्यात महाग पडतंय, त्यामुळे बाजूला ठेवू. दोन, नवीन छोटं मशीन. तीन, कागदावर शेवटी चार ओळींत उरकलेलं ते दुसरं जुनं मशीन. त्या चार ओळीच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या.

त्या मशीनचे ८४ मागितलेत आणि फोनवर ‘८० ला देऊ’ असं म्हणालेत. तुम्ही ते सोडून दिलं कारण बेड लहान आहे, मोठा शीट बसत नाही. ठीक, पण सोडून देण्याआधी त्या लहानपणाची किंमत काढा. मशीन ८०, नेणं आणि बसवणं ७, क्लॅम्पच्या हायड्रॉलिक सीलची आणि सेन्सरची दुरुस्ती ६. झाले ९३. मोठ्या शीटचं काम बाहेरच द्यावं लागेल, त्याचा खर्च तुमच्या बिलांवरून महिन्याला पाव, म्हणजे ०.२५. चार वर्षं मशीन वापरायचं धरलं तर ४८ महिन्यांचे १२ होतात. पुढे द्यायचे पैसे आजच्या पैशांपेक्षा हलके, कर्जाचं व्याज लक्षात घेतलं तर ते आज साधारण १० भरतात. म्हणजे ते ‘८० चं’ मशीन तुम्हाला एकूण १०३ ला पडतं.

आता याच मापाने तुमचं आवडतं मशीन मोजा. त्याची दुरुस्ती ८, नवे ब्लेड २, नेणं-बसवणं ५, असे १५ किमतीच्या वर. म्हणजे किंमत ८८ असली तर ८८ आणि १५ मिळून १०३. त्या आकड्याला दोन्ही मशीन तुम्हाला सारखीच. ८८ च्या वर गेलात तर दुसरं मशीन घेणं शहाणपणाचं, खाली असाल तर हे.

एक गोष्ट राहिली. दुसरं मशीन तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकने चालवून बघितलंय. हे मशीन मात्र मालकांनी नुसतं सुरू करून दाखवलं, गड्डी लावून कापून दाखवली नाही. आत हायड्रॉलिक पंप गेलेला असेल तर तुमच्या मेकॅनिकच्या अंदाजाने १२ चा खर्च, आणि तशी शक्यता त्याने चारात एक सांगितली. चाराचा एक हिस्सा म्हणजे ३. ते आत्ताच वजा करा. उठायचा आकडा ८५.

पंचाऐंशी! मिस्टरांनी ९५ ला ‘घेऊन टाकू’ म्हटलं होतं. कर्ज पुरतं, बजेट पुरतं, पण ८६ पासून तुम्ही स्वतःचा तोटा विकत घेत असता. हा तोटा दिसत नाही, कारण घ्यायच्या राहिलेल्या मशीनचं बिल कुणी पाठवत नाही.

या हिशोबात एक मोठी खाच आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पर्याय खरा असेल तरच आकडा खरा. ‘८० ला देऊ’ हे फोनवरचं बोलणं आहे. शनिवारपर्यंत ते मशीन गेलं तर? म्हणून आज किंवा उद्या त्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: मशीन अजून आहे का, ८० ही किंमत किती दिवस धरून ठेवाल, आणि हे दोन ओळींत मेसेज करून पाठवाल का. बऱ्याच जणांना इथे इसार द्यायचा मोह होतो. परत मिळणारा नसेल तर देऊ नका. दिला की तो पर्याय राहत नाही, निम्मा सौदाच होतो, आणि रविवारी दोन खरेद्यांच्या मधे अडकाल.

त्याच फोनवर किंमतही बोला. हे काम कुणी करत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या तयारीत सगळ्यात जास्त पैसे देणारं तेच आहे. समजा ८० चे ७६ झाले. मग दुसऱ्या मशीनची एकूण किंमत १०३ वरून ९९ वर येते आणि तुमचा उठायचा आकडा ८५ वरून ८१ वर. समोरच्या माणसाशी एक शब्द न बोलता तुम्ही चार मिळवले. लोक सौद्याची तयारी म्हणजे समोरच्याला काय म्हणायचं याची उजळणी करतात. मी म्हणेन, तयारीतले तीन तास असतील तर दोन तास पर्याय सुधारण्यात घाला.

आणि उलटंही बघून ठेवा. दुसरं मशीन विकलं गेलंय असं कळलं तर? मग पर्याय उरतो नवीन छोट्या मशीनचा. ते पोचतं करून, बसवून, वॉरंटीसह १०८. बेड त्याचाही लहान, त्याचे १०. पण चार वर्षांनी ते विकताना जुन्यापेक्षा जास्त मिळतील, तुमच्या अंदाजाने आजच्या पैशात १०, ते वजा. म्हणजे १०८ च राहिले. त्यातून या मशीनचे वरखर्च १५ आणि जोखमीचे ३ काढले की उठायचा आकडा ९० होतो. बघा, पर्याय वाईट झाला की हद्द वर सरकते, आणि सरकलीच पाहिजे. हद्द दगडावरची रेघ नसते. ती फक्त कशामुळे सरकावी, एवढंच ठरलेलं असतं.

मी स्वतः हा धडा कसा घेतला ते थोडक्यात. एका कारखान्यासाठी बॉयलरचा पंप घ्यायचा होता, जुना बंद पडलेला, उत्पादन थांबलेलं. मी एकाच विक्रेत्याकडे गेलो. दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही, ‘वेळ नाही’ म्हणून. तासभर मी तावातावाने भाव केला आणि सात टक्के कमी करून आणले म्हणून मला शाबासकीही मिळाली. महिन्याभराने तोच पंप दुसऱ्याने बराच कमी किमतीला आणि दोन दिवसांत पाठवलेला पाहिला. एक फोन केला असता तर ते मला तेव्हाच कळलं असतं. सात टक्क्यांची शाबासकी अजून टोचते.

आता टार्गेट. इथे लोकांचा दुसरा घोटाळा होतो. उठायचा आकडा काढला की त्यांना वाटतं, ‘८५ च्या खाली आलं म्हणजे जिंकलो.’ मग समोरचा ८४ म्हणाला की ते हात पुढे करतात. पण ८५ म्हणजे या सौद्यात तुम्हाला जवळजवळ काहीच न मिळण्याचा आकडा. ८४ ला घेतलंत तर दुसऱ्या मशीनपेक्षा तुम्हाला जेमतेम एकाचा फायदा.

टार्गेट स्वतःच्या पर्यायातून काढायचं नसतं. ते समोरच्याच्या परिस्थितीतून आणि बाजारातून काढायचं. त्यांच्या बाजूने बघू. त्यांनी सौदा केला नाही तर ते काय करतील? तुम्ही फोनवर सांगितलंत की जागा या महिन्याच्या अखेरीला सोडायची आहे. म्हणजे मशीन नेणारा शोधायला त्यांच्याकडे थोडेच दिवस. गिऱ्हाईक मिळालं नाही तर दलालाला देतील. तुम्ही एका दलालाला असं मशीन, असं वर्ष सांगून तो कितीला घेईल ते विचारलंत, हे अगदी उत्तम केलंत. तो ६२ ते ६५ म्हणाला. दलाल स्वतः खोलून नेतो आणि पैसे लगेच देतो, या सोयीचीही काही किंमत त्यांच्या मनात असेल. त्यामुळे ६६ च्या आसपास त्यांचा उठायचा आकडा असावा, असा माझा अंदाज. हा अंदाज आहे. त्यांच्याकडे खरंच कुणी ८८ देणारा असेल तर सगळं बदलतं, आणि मग तुमच्या दोघांच्या आकड्यांत सौदा बसतच नाही. त्यात तुमची हार नाही, दुसरं मशीन आहेच.

अंदाज बरोबर असला तर ६६ ते ८५ या पट्ट्यात कुठेही सौदा दोघांना परवडतो. तो पट्टा १९ रुंद आहे. सगळी घासाघीस या १९ ची वाटणी कशी होते एवढ्याचीच.

टार्गेट पट्ट्याच्या त्यांच्या टोकाकडे हवं, पण त्याला समोरच्याला पटेल असा आधार हवा. नुसता ‘मला स्वस्त हवंय’ चालत नाही. तुमच्या कागदात असा एक आधार आहे: असंच मशीन रिकंडिशन करून, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह, एका डीलरने ९२ ला विकलं. लक्षात घ्या, विकलं, मागितले नाहीत. जाहिरातीतल्या किमती मागणाऱ्यांच्या इच्छा असतात. सौदा ज्या आकड्याला झाला तोच पुरावा. त्या ९२ मधून तुमचे १५ वजा करा, आणि वॉरंटी नाही म्हणून ३. राहिले ७४. हे तुमचं टार्गेट. आणि हे तुम्ही त्यांना तोंडावर समजावूनही सांगू शकता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उठायचा आकडा मात्र कधीही तोंडातून काढायचा नाही.

आधी आकडा कुणी बोलायचा? इथे त्यांनी आधीच १०० सांगून टाकलेत. तो १०० तुमच्या डोक्यात बसलाय, म्हणूनच ‘पाच टक्के’ सुचले. यावर एक अभ्यास आहे, मला तो नेहमी उपयोगी पडला. अॅडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ साली दाखवलं की पहिला आकडा जो बोलतो त्याच्याकडे सौदा कलतो. पण समोरच्याचा पर्याय, त्याची हद्द किंवा स्वतःचं टार्गेट यांवर मन ठेवून बसणाऱ्यांवर त्या पहिल्या आकड्याचा पगडा बसत नाही. म्हणून तिथे गेल्यावर मनात ८५ घोळवू नका. ८५ च्या पायऱ्या मोजत बसलात की तिकडेच जाल. मनात ७४ ठेवा, आणि दलालाचे ६५.

एक इशारा. गॅलिन्स्की, मुसवायलर आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात निघालं की टार्गेटवर नजर ठेवणाऱ्यांना सौदा चांगला मिळतो, पण समाधान कमी मिळतं, कारण ते निकाल टार्गेटशीच ताडून बघतात. तुम्ही ७८ ला घेतलंत की घरी येताना ‘चार जास्त गेले’ असं वाटेल. तेव्हा, म्हणजे सह्या झाल्यावर, ८५ आठवा. बोलताना ७४, परतताना ८५.

तुमची पहिली बोली ६८ असू द्या. इतकी खाली गेल्यावर ते रागावतील, अशी तुम्हाला भीती वाटेल. आधार नसलेला आकडा ऐकून माणूस रागावतो. तुम्ही असं म्हणा: ‘दलाल ६५ पर्यंत देतो, हे मी विचारून आलेय. मी त्याच्यापेक्षा जास्त देतेय. पण यावर दुरुस्ती, ब्लेड आणि वाहतूक मिळून १५ माझ्या अंगावर आहेत.’ आणि मग थांबा. तुम्हाला गप्प होण्याची सवय आहे, ती या एका जागी तुमचं भांडवल आहे. बोली सांगितल्यावर लगेच ‘म्हणजे बघा, थोडं इकडेतिकडे होईल’ असं पुढे जोडायचं नाही. बहुतेक लोक स्वतःचीच बोली तिथे वाढवतात, समोरच्याने तोंड उघडायच्या आधी.

६८ च का, याचं एक साधं गणित आहे. बरेच सौदे दोघांच्या पहिल्या आकड्यांच्या मध्याजवळ जाऊन थांबतात. १०० आणि ६८ चा मध्य ८४. तुम्ही ८५ ने सुरुवात केलीत तर मध्य ९२.५, तुमच्या हद्दीच्या बाहेर. पण ८४ सुद्धा तुम्हाला नकोय. म्हणून सुरुवातीलाच कुणी ‘चला, अर्धं-अर्धं करू’ म्हणालं तर नाही म्हणायचं, हसून. आधी त्यांना खाली येऊ द्या. ते ९० म्हणाले तर तुम्ही ७१, मध्य ८०.५. ते ८४ म्हणाले तर तुम्ही ७३, मध्य ७८.५. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान टाका, म्हणजे न बोलताच त्यांना कळतं की तळ जवळ आला. आणि एकही पाऊल फुकट टाकू नका. ‘मी ७३ करते, पण मशीन खोलून गाडीत चढवून द्यायचं काम तुमच्याकडे’, असं.

हे खोलून चढवणं वगैरे क्षुल्लक वाटतं, पण इथेच तुमचा उठायचा आकडा प्रामाणिकपणे हलू शकतो. तो आकडा नुसत्या किमतीचा नाही, अख्ख्या सौद्याचा आहे. त्यांनी नेणं-बसवणं स्वतःकडे घेतलं तर तुमचे ५ वाचले, म्हणजे ८५ चे ९० होतात. जास्तीचे दोन ब्लेड चांगल्या अवस्थेत दिले तर आणखी २. घरून निघण्याआधी अशा चार-पाच गोष्टींचे आकडे लिहून न्या, तिथे सुचणार नाहीत.

आणि सगळ्यात मोठी बाब चाचणीची. पैशांची गोष्ट काढायच्या आधी मशीन लोडवर बघायला मागा. अर्धा तास चालू ठेवून तेल गरम होऊ द्या, थंड मशीन खूप काही लपवतं. मग पूर्ण रुंदीची, मशीनला झेपेल तेवढ्या उंचीची गड्डी कापायला सांगा. वरचा आणि खालचा शीट एकत्र ठेवून बघा, लांबीत फरक असेल तर क्लॅम्पचा दाब कमी पडतोय किंवा ब्लेड गेलंय. कापलेली गड्डी उलटी करून गुण्याने काटकोन तपासा. ब्लेड खाली येताना मध्येच एक बटण सोडून बघायला मेकॅनिकला सांगा, ते जागीच थांबलं पाहिजे. आणि सेन्सरसमोर लाकडी पट्टी धरून बघा, हात नाही. पंपाखाली कोरडा कागद पसरून ठेवा, गळती लगेच दिसेल. हे सगळं ठीक निघालं तर जोखमीचे ३ गेले आणि तुमचा आकडा ८८ झाला. पंप कुंथत असेल तर आता शक्यता राहिली नाही, खात्री झाली. मग ३ च्या जागी १२ वजा करा, आणि आकडा ७६. टार्गेटही त्याच प्रमाणात खाली आणायचं, नाहीतर पंपाचा सगळा भुर्दंड तुम्हीच सोसाल. चाचणी द्यायला ते नाहीच म्हणाले तर? तर मी ८५ सुद्धा देणार नाही.

आकडा कशामुळे सरकू नये, हेही सांगून ठेवतो. ‘दुपारी दुसरे एकजण बघायला येताहेत’ म्हणतील. येऊ देत. ते आल्याने तुमचं दुसरं मशीन महाग होत नाही. ‘इतक्या लांबून आलात, रिकामे जाणार का?’ हेही ऐकाल, आणि हे आतूनही ऐकू येतं. प्रवासाचे, मेकॅनिकचे पैसे गेलेलेच आहेत, घेतलं तरी आणि न घेतलं तरी. तिसरं सगळ्यात फसवं: मालक चांगले आहेत, चहा दिला, प्रेस बंद पडल्याचं दुःख सांगितलं. त्यांच्याबद्दल वाटू द्या. पण ते मशीनच्या किमतीतून द्यायचं नाही.

हे तिथल्या तिथे सांभाळणं अवघड, म्हणून कामं वाटून घ्या. तुम्ही बोला. ८५ चा आकडा, वरखर्चाचे आणि ब्लेड-वाहतुकीचे आकडे असलेला कागद मिस्टरांच्या खिशात. तुमच्या हातातल्या वहीत फक्त ७४, ६८ आणि दलालाचे ६५. बोलणं ८५ च्या जवळ आलं की मिस्टर म्हणतील, ‘जरा बाहेर जाऊन येऊ.’ बाहेर दोनच प्रश्न: आपला पर्याय बदलला का? मशीनबद्दल किंवा अटींबद्दल काही नवं ठरलं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर आकडा तोच. फक्त एक अट, मिस्टरांनी आत ‘अहो, बसतंय आपल्याला’ असं म्हणायचं नाही. हे त्यांना आधी सांगून ठेवा. मला अशी माणसं भेटलीत.

खोटं बोलू नका. ‘दुसरीकडे ७० ला मिळतंय’ असं फेकलंत आणि त्यांनी ‘मग घ्या ना तिथे’ म्हटलं की तुमच्याकडे उत्तर नसतं. खरा पर्याय असताना खोट्याची गरजही नसते. दुसऱ्या मशीनची किंमत सांगायचीही गरज नाही, ‘दुसरं एक बघितलंय, मेकॅनिकने चालवून बघितलंय’ एवढं पुरे. ‘शेवटचं’ हा शब्द एकदाच वापरा, आणि तो खराच शेवटचा असेल तेव्हा.

उठायची वेळ आली तर चिडून उठू नका. आकडा तिथेच ठेवून उठा: ‘आत्ता माझी बोली ८३ ची आहे. मंगळवारपर्यंत विचार बदलला तर फोन करा, त्यानंतर मी दुसरं घेणार.’ ८३, ८५ नाही, कारण फोन आला तर एकदोन हलायला जागा हवी. आणि मंगळवार उलटला की खरंच दुसरं घ्या. महिनाअखेर जवळ येतेय त्यांची, तुमची नाही. फोन येण्याची शक्यता बरी आहे, पण तिच्यावर विसंबून दुसऱ्या मशीनवाल्याला हातचा घालवू नका. त्याच्याकडून मिळालेल्या मुदतीच्या आधीचा दिवस त्यांना सांगायचा, हे शनिवारीच ठरवा.

सौदा जमला तर पावतीवर मशीनचा सीरियल नंबर, सोबत मिळणाऱ्या वस्तूंची यादी आणि कोण खोलून देणार हे लिहून घ्या. रक्कम दोन हप्त्यांत द्या, एक मशीन उचलताना, दुसरा तुमच्याकडे बसून पहिली गड्डी नीट कापली गेल्यावर. दुसरा हप्ता किती, हे आधी बोललात तर त्याच्यासाठी ७४ च्या वर एकदोन द्यायला हरकत नाही. मी तरी दिले असते.